घडीवरची चीर

नाटक पाहावयाचें तें समोरच्या खुर्चीवर बसून, अशी आमची आजवरची समजूत होती. गेल्या माघांत एका रात्रीं आम्हांस तें मागल्या बाजूनें पाहण्याचा योग आला. त्या रात्रीं रंगभूमीवर काय झालें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना पाठ असेल. कारण नाटक ‘संगीत सौभद्र’ होतें. पण पडद्यामागें पांच मिनिटांत जें घडलें, तें ज्या घरांत एखादा जुना शालू आहे अशा प्रत्येक घरानें ऐकण्यासारखें आहे, म्हणून येथें सांगत आहों.

अण्णासाहेब किर्लोस्करांचें हें नाटक पुण्यास १८८२ सालीं प्रथम रंगभूमीवर आलें. तेव्हां सुभद्रा भाऊराव कोल्हटकर होत. पुढें बालगंधर्वांनींही सुभद्रा केली. पुरुषांनीं नेसलेले ते शालू आणि त्या पैठण्या पाहावयास बायका जात, आणि घरीं येऊन पदराची ठेवण तशी साधते का हें आरशांत पाहत, असें आमच्या आजी सांगत. आतां सुभद्रा स्त्रियाच करतात, नाटक संक्षेप करून तीन तासांत बसवितात, आणि बहुतेक मंडळींच्या कपडेपटांत शालू म्हणून जें असतें त्यांत रेशमाचा एक धागाही नसतो. आम्ही ज्या मंडळीचा प्रयोग पाहावयास गेलों, तिचा मात्र एक अभिमान होता. तिच्या सुभद्रेचा अंजिरी शालू खरा होता: बनारसी, नऊवारी, अस्सल जरीच्या बुट्ट्यांचा. कोणा जुन्या घराण्यानें तो मंडळीस दिला होता, आणि त्याचें वय सत्तरांच्या पुढें खात्रीनें होतें.

त्या मंडळींत आमचे एक स्नेही ऑर्गन वाजवितात. त्यांच्या ओळखीनें आम्ही मध्यंतरांत रंगपटांत गेलों, आणि कपडेपट सांभाळणाऱ्या नानांजवळ एका लाकडी पेटीवर बसलों. नानांना सारेच नाना म्हणतात; आम्हींही तेंच म्हटलें. वय पंचाहत्तरीला टेकलेलें, अंगांत पांढरा सदरा, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. सदऱ्याच्या डाव्या बाहीवर लोकरीची एक पट्टी टांचलेली, आणि तिच्यांत ओळीनें बारा सुया. प्रत्येक सुईंत दोरा आधींच ओंवलेला होता. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “डोळे आतां नेढें धरीत नाहींत. घरून निघतांना नात ओंवून देते. बारा लागत नाहींत कधीं. पण तेरावी लागली तर माझी पंचाईत आहे.”

दोऱ्यांचे रंग पाहून आम्हांस नवल वाटलें. शालू अंजिरी, पण त्याच्यासाठीं ठेवलेला दोरा त्याहून एक छटा गडद होता. दिव्यांच्या झोतांत फिका दोरा रेघेसारखा चमकतो, गडद दोरा कापडाच्या सांवलींत बुडून जातो, असें नानांनीं सांगितलें. सूत तंतोतंत जुळलें नाहीं तर चूक काळोखाच्या बाजूनें करावी, हा त्यांचा नियम.

मध्यंतर संपून कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुभद्रेला जावयाचें होतें. ती मुलगी नवी होती. या मंडळींत तिचा हा पहिलाच प्रयोग. रंगभूमीवर पाऊल टाकण्यापूर्वीं ती नानांच्या पायां पडावयास खालीं वांकली, आणि त्याच क्षणीं आम्हांस वाळलेलें पान चुरगळावें तसा एक बारीक आवाज ऐकूं आला. आम्हांस त्याचा अर्थ कळला नाहीं. नानांना कळला. आशीर्वादासाठीं उचललेला त्यांचा हात तसाच वर राहिला.

डाव्या मांडीवर शालू उभा फाटला होता. चीर चांगली वीतभर, आणि आंतून पांढरें अंतर्वस्त्र दिसत होतें. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. “नाना, मीं कांहीं ओढलें नाहीं हो!” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. तूं नाहींस फाडलास,” नाना म्हणाले. “रडूं नकोस, रंग ओघळेल. अप्पा, कृष्ण कोठवर आला?”

मंडळीचे व्यवस्थापक अप्पा विंगेंत उभे होते. त्यांनीं कान देऊन सांगितलें, “आतां पद सुरू होईल. पांच मिनिटें धरा. वन्स मोअर आला तर आणखी तीन.”

अप्पांच्या मनांत पहिली गोष्ट आली ती कोणाच्याही मनांत आली असती. त्यांनीं मूठभर पिना पुढें केल्या. नानांनीं त्या घेतल्या नाहींत. जुनें रेशीम जेथें फाटलें आहे तेथें पिन लावली, तर सारा ताण त्या एका छिद्रावर येतो, आणि मुलगी पहिल्यांदा बसली कीं एका चिरेच्या दोन चिरा होतात. दुसरा उपाय शालू पुन्हां नेसविण्याचा. पण नाटकांतलें नऊवारी नेसविणें म्हणजे पाव तासाचें काम. निऱ्या, ओचा, कासोटा हें सारें सुटून पुन्हां बांधावें लागतें. तिसरा उपाय चीर निरीच्या आंत लपविण्याचा. पण ती निऱ्यांत नव्हतीच; कापड मांडीवर ताणून बसतें तेथें होती. राहिला एकच उपाय, तो म्हणजे अंगावरच शिवण्याचा.

नानांनीं काय केलें तें आम्हीं हातभर अंतरावरून पाहिलें, म्हणून क्रमानें सांगूं शकतों. त्यांनीं मुलीला उभें ठेवलें नाहीं. एक बुटकें स्टूल ओढून, “तिथें जशी बसणार आहेस तशी बैस,” असें म्हणाले. आम्हांस हें उलटें वाटलें. बसल्यावर तर चीर अधिकच उघडली. पण खुबी तींतच होती. पुढच्या प्रवेशांत सुभद्रेला यतीच्या सेवेस त्याच्या पायांशीं बसावयाचें होतें. उभ्या अंगावर घातलेले टांके बसतांना ताणले जाऊन तुटले असते. ज्या स्थितींत कापडावर ताण सर्वांत अधिक, त्या स्थितींत शिवावें. मग उभें राहिल्यावर तेथें थोडी सुरकुती पडेल, तर पडो. सुरकुती कोणी पाहत नाहीं, फट सारे पाहतात.

मग त्यांनीं दोऱ्याचा एक तुकडा तोडून मुलीच्या दांतांत दिला. अंगावरचें वस्त्र शिवतांना तोंडांत काडी किंवा दोरा धरावा, ही चाल आमच्या घरींही होती. नाहीं तर अशुभ होतें असें म्हणत. नानांनीं शुभाशुभाचा शब्द काढला नाहीं. पण दोरा दांतांत धरल्याबरोबर मुलीचें बोलणें थांबलें, आणि बोलणें थांबल्याबरोबर अंगही स्थिर झालें. म्हाताऱ्या बायकांनीं ही चाल कां घातली असावी, तें आम्हांस त्या वेळीं समजलें.

आपल्या पेटींतून त्यांनीं चोळीच्या कापडाची उरलेली एक अंजिरी पट्टी काढली. ती चार बोटें रुंद होती, आणि चिरेपेक्षां दोन्हीं टोकांना दोन-दोन बोटें लांब. ती त्यांनीं चिरेंतूनच आंत सरकवून कापडाखालीं सपाट पसरली. पांढरें दिसत होतें तेथें आतां अंजिरी दिसूं लागलें. अर्धें काम तेथेंच झालें. पट्टीच्याही खालीं त्यांनीं नाटकाच्या जाहिरातीचें एक जाड हस्तपत्रक घातलें. सुई खोल जाऊन शालू आंतल्या वस्त्राला शिवला गेला, तर मुलीला पाऊल मोकळें टाकतां येणार नाहीं. शिवाय सुई टोंचेल ती वेगळीच.

पलीकडे पद सुरू झालें. ऑर्गनवर आमचे स्नेही होते. त्यांना अर्थातच कांहीं ठाऊक नव्हतें.

नानांनीं पहिली सुई बाहीवरून उपटली. दोरा एकेरी आणि हातभरच लांब. लांब दोरा गुंततो, आणि गुंता सोडवावयास आज वेळ नव्हता. त्याला गांठ नव्हती. विरलेल्या रेशमांतून गांठ आरपार निघून येते, म्हणून गांठीच्या जागीं त्यांनीं एकावर एक दोन उलटे टांके घातले. आणि हे पहिले टांके चिरेवर नव्हते, तर चिरेच्या वरच्या टोकाच्या पलीकडे दोन बोटें, जेथें कापड अजून धड होतें तेथें. त्यानंतर तसेच खालच्या टोकाच्या पलीकडे. चीर आहे ती असूं द्यावी, पण प्रथम तिची वाट बंद करावी, हा त्यांतला हेतु.

कापड कोठें धड आहे हें त्यांनीं कसें ओळखलें, असा प्रश्न आम्हीं नंतर केला. ते म्हणाले, “बोटांनीं. चांगलें रेशीम चिमटींत घेतलें तर परत उसळतें. मेलेलें रेशीम कागदासारखें पडून राहतें.”

मग चिरेच्या एका बाजूनें, कडेपासून बोटभर दूर, धांवदोरा निघाला. अर्ध्या इंचाचा एक टांका, आणि चार टांक्यांमागें एक उलटा. म्हणजे एके जागीं दोरा तुटला तरी सारी ओळ उसवूं नये. दोरा त्यांनीं एकदांही घट्ट ओढला नाहीं. नवा दोरा जुन्या रेशमापेक्षां बळकट असतो. ओढला तर तोच सुरीसारखा कापतो. आम्ही मनाशीं हिशेब करीत होतों. वीतभर चीर आणि दोन्हींकडची वाढीव जागा मिळून बारा इंच. अर्ध्या इंचाचे टांके म्हणजे एका बाजूस चोवीस, दोन बाजूंस अठ्ठेचाळीस. टांक्यास चार सेकंद धरले, तरी तीन मिनिटांच्या वर जातात. आणि टोकें बांधण्यांत एक मिनिट गेलेंच होतें.

“नाना, घाई करूं नका,” अप्पा विंगेंतून कुजबुजले. “वन्स मोअर येईलच. या पदाला येतोच.”

नानांनीं मान वर केली नाहीं. “न आलेल्या वन्स मोअरवर टांका घालतां येत नाहीं, अप्पा.”

त्यांच्या शिवणाचा क्रमही त्याच विचारानें ठरला होता, हें आम्हांस हळूहळू दिसूं लागलें. दुसरी बाजू त्यांनीं वरून खालीं सलग शिवली नाहीं. आधीं मधले टांके घातले, जेथें गुडघा वांकला कीं कापड सर्वांत अधिक ताणतें, मग वरचे, आणि खालचे शेवटीं ठेवले. कोणत्याही क्षणीं पद संपलें, तरी तोंवर झालेलें काम सर्वांत जरूरीचें असावें.

चवथ्या सुईचा दोरा संपला. दुसऱ्या बाजूचे खालचे चार-पांच टांके राहिले होते, आणि कृष्णाची शेवटची तान समेवर आली. टाळ्या पडल्या. आम्ही श्वास रोखून वन्स मोअरची वाट पाहिली. थिएटर अर्धें रिकामें होतें, गार वारा सुटला होता. टाळ्या थांबल्या. वन्स मोअर आला नाहीं.

नानांनीं पांचव्या सुईकडे हात नेला आणि मागें घेतला. हस्तपत्रक ओढून काढलें, मुलीच्या दांतांतला दोरा काढून घेतला, आणि म्हणाले, “जा. उजवा पाय आधीं टाक. बसतांना धप्‌दिशीं बसूं नकोस, गुडघा हळूहळू वांकव. तो टिकेल.”

ती गेली. आम्ही विंगेच्या फटींतून पाहत होतों. नाना पाहत नव्हते. ते स्टुलावर बसले होते, आणि त्यांचें सारें लक्ष कानांत होतें. सुभद्रा यतीच्या पायांशीं गेली, आणि सांगितल्याप्रमाणें हळू बसली. आम्हांस चीर दिसली नाहीं, आणि तो वाळल्या पानाचा आवाज पुन्हां आला नाहीं. तिनें पहिला सूर लावला, तो स्वच्छ लागला. तेव्हां नानांनीं चष्मा काढून पुसला.

खरी गोष्ट आम्हांस कळली ती प्रयोग संपल्यावर. मुलीनें शालू उतरविला, तेव्हां नानांनीं तो सतरंजीवर पसरला, आणि लहान कातरीनें आपले टांके एकेक करून उसवावयास आरंभ केला. इतक्या श्रमानें घातलेले टांके लगेच काढतां, असें आम्हीं विचारलें. “हे एका प्रवेशापुरते,” ते म्हणाले. “रात्रभर राहिले तर घडींत दोरा कापडाला कापील.” मग ते अप्पांकडे वळले. “अप्पा, हा शालू पुन्हां कोणाला नेसवूं नका. आणि मुलीला बोल लावूं नका. हा मीं फाडला आहे.”

त्यांनीं शालू आमच्या समोर दिव्याला आडवा धरला. जेथें तो फाटला होता, त्याच रेषेंत वरपासून खालपर्यंत केसासारख्या बारीक फटींतून उजेड येत होता. आणि तशाच आणखी तीन रेषा, सारख्या अंतरावर. त्या घडीच्या रेषा होत्या. “तीस वर्षें मीं याची एकच घडी घातली,” नाना म्हणाले. “पहिल्या दिवशीं जशी आली तशी. व्यवस्थितपणा म्हणून. माझ्या हातची घडी इंचभर चुकत नाहीं, असें सारे म्हणत. मलाही तें आवडे.”

रेशीम जुनें होतां होतां ठिसूळ होतें. एकाच रेषेवर वर्षानुवर्षें दुमडलें कीं तेथले ताण्याचे धागे एकेक करून तुटूं लागतात. घडी जरीच्या बुट्ट्यावर आली, तर धातूची कड तें काम अधिक लवकर करते. शालू नेसला कीं त्याची रुंदी अंगावर उभी येते, म्हणून आडव्या घडीची रेष मांडीवर उभी पडते. आणि नऊवारींत कापड ताणतें तें मांडीभोंवतींच. म्हणजे ती चीर त्या रात्रीं झाली नव्हती. ती तीस वर्षें होत आली होती. त्या रात्रीं फक्त दिसली.

“मागल्या दिवाळींत मला उजेड दिसला होता या रेषेंतून,” नाना हलक्या आवाजांत म्हणाले. “बोललों नाहीं. हा शालू गेला कीं बाकीचें सारें धुवून वाळत घालावयाचें कापड. त्याला नाना कशाला लागतो? म्हणून बोललों नाहीं. आज ती पोर पहिल्याच दिवशीं उघडी पडली असती.”

अप्पा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं शालूचें दुसरें टोक धरलें, आणि म्हणाले, “घडी कशी घालूं तें सांगा.”

“घडी नकोच आतां,” नाना म्हणाले. पुठ्ठ्याची एक लांब नळी आणवून, तिच्यावर जुनें धुतलेलें मलमल लपेटून, दोघांनीं तो शालू सैल हातानें तिच्यावर गुंडाळला. आम्ही मधल्या मधें मलमलीचा थर धरीत होतों. गुंडाळीला मोड नसते, म्हणून तेथें तुटण्यासारखी रेषही पडत नाहीं.

घरीं पोंचावयास आम्हांस दीड वाजला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां वहिनी एकाएकीं उठून माजघरांत गेल्या. आजींचा लग्नांतला शालू त्यांच्या ट्रंकेंत आहे. आजींनीं घातलेली घडी मोडावयाची नाहीं, या भावनेनें ती घडी त्या गेल्यापासून घरांत कोणीं उलगडली नव्हती. आम्हीं सर्वांनीं मिळून ती उलगडली, आणि शालू खिडकीशीं उजेडाला धरला. एका रेषेंत दोन ठिकाणीं उजेड आला, बाकीच्या धड होत्या. नळी आमच्याकडे नव्हती. म्हणून वहिनींनीं मध्यें मलमल घालून, जुनी रेष टाळून, नवी सैल घडी घातली, आणि दर तीन महिन्यांनीं ती बदलण्याचें काम धाकट्या सुनेकडे दिलें.

जुनी घडी मोडतांना वहिनींचा हात थोडा थबकला होता. आमच्या मनांत नानांचें तें “मलाही तें आवडे” आलें; पण आम्ही बोललों नाहीं, कापडाचें दुसरें टोक धरून उभे राहिलों.